एफडीच्या पावतीवर ९,१९,१०५ आणि खात्यात जमा ९,०६,५३५ - मधले १२,५७० गेले कुठे?

निमा | ६ जुलै २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय, घरात उगाच कुरबुर सुरू झालीय.

बाबा गेल्यावर त्यांच्या पीएफचे जे पैसे आले त्यातले ८ लाख आम्ही आईच्या नावावर एफडीत टाकले. ३ एप्रिल २०२३ ला पावती केली, मुदत २४ महिने, दर ७ टक्के, क्युम्युलेटिव्ह. पावतीवर ठळक छापलंय मॅच्युरिटी व्हॅल्यू ९,१९,१०५. ती पावती आईने देवघराच्या खणात नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली आणि भावालाही दाखवलेली, त्यामुळे आकडा सगळ्यांच्या तोंडपाठ. यंदा ३ एप्रिलला एफडी संपली आणि खात्यात आले ९,०६,५३५. म्हणजे १२,५७० कमी.

बँकेचं सगळं मी बघते, त्यामुळे भाऊ आता "अगं बाकीचे कुठे गेले" असं हसत हसत विचारतो, पण विचारतोच. आईचं वय ५९, नोकरी नाही, बाबांची फॅमिली पेन्शन १४ हजार महिना, दुसरं उत्पन्न नाही. बँकेत काउंटरवर विचारलं तर "टीडीएस असेल मॅडम" म्हणून पुढच्या माणसाला बोलावलं. पण टीडीएस १० टक्के ना? व्याज १,१९,१०५ धरलं तर १० टक्के होतात ११,९१०. मग उरलेले ६६० कसले?

खवचट_कावळा | ६ जुलै, रात्री ९:५२

६६० रुपये भावाने घेतले असणार. जो जास्त हसत विचारतो त्याच्यावर आधी संशय घ्यावा.

सातारी_कंदी | ६ जुलै, रात्री १०:०५

ताई, पेनल्टी लावली असेल. मुदतीच्या दिवशी गेला नाहीत बँकेत, एक दिवस आधी मोडली असं काही झालंय का? माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं.

निमा | ६ जुलै, रात्री १०:११

नाही हो, आपोआप मॅच्युअर होऊन खात्यात आले, कुणी गेलंच नाही बँकेत.

विनायक_ठाणे | ६ जुलै, रात्री १०:३०

टीडीएसच आहे. पण तुमची आई ज्येष्ठ नागरिक नाही म्हणून लिमिट ४० हजार. व्याज १,१९,१०५, त्यातून ४० हजार वजा करायचे, उरले ७९,१०५, त्यावर १० टक्के म्हणजे ७,९१० कापायला हवे होते. बँकेने जास्त कापलंय. तक्रार करा सरळ.

निवृत्त_कॅशियर | ६ जुलै, रात्री ११:१५

विनायकराव, निम्मं बरोबर, निम्मं चुकलं. त्या दोन वर्षांत लिमिट ४० हजारच होती हे खरं (१ एप्रिल २०२५ पासून ५० हजार झालीय, आणि ज्येष्ठांना १ लाख). पण ती इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखी नसते, उंबरठ्यासारखी असते. वर्षाचं व्याज उंबरठ्याच्या आत राहिलं तर एक पैसा कापत नाहीत, आणि ओलांडला की पहिल्या रुपयापासून सगळ्या व्याजावर १० टक्के. आणि ही मोजणी दर आर्थिक वर्षाची वेगळी, एफडीच्या अख्ख्या मुदतीची नाही.

निमाताई, तुमचा हिशोब मी कागदावर मांडून बघतो, उद्या लिहितो. आता डोळे मिटतायत.

पल्लवी_नाशिक | ७ जुलै, सकाळी ७:२०

अवांतर होतंय पण माझंही एक कोडं आहे. माझ्या पावतीवर ५ लाख मुद्दल आणि मॅच्युरिटी व्हॅल्यू पण ५ लाखच छापलीय!! व्याज दर ७ लिहिलाय. मी नवऱ्याला म्हटलं बँकेने व्याज लावायलाच विसरलेत. पावती बदलून घ्यावी का?

देवगडचा_हापूस | ७ जुलै, सकाळी ७:४५

पल्लवी, तुमची मासिक व्याजाची एफडी आहे का? दर महिन्याला सेव्हिंग खात्यात काही जमा होतं का बघा.

पल्लवी_नाशिक | ७ जुलै, सकाळी ८:०२

अय्या हो! दर महिन्याच्या ४ तारखेला २,९०० येतात. मी समजत होते ते सेव्हिंगचं व्याज आहे 🙈

खवचट_कावळा | ७ जुलै, सकाळी ८:०४

सेव्हिंगवर महिन्याला २,९०० व्याज देणारी बँक सापडली तर आम्हालाही पत्ता कळवा.

निवृत्त_कॅशियर | ७ जुलै, दुपारी १:१०

पल्लवीताईंचं आधी, कारण सोपं आहे. पावतीवर व्याज कसं द्यायचं त्याची एक ओळ असते. महिन्याला, तिमाहीला, की व्याज मुद्दलात मिळवत जाऊन शेवटी एकदम. पहिल्या दोन्हीत व्याज बाहेर काढून देतात, म्हणून शेवटी हातात मुद्दलच येणार आणि मॅच्युरिटी व्हॅल्यू म्हणून तेच छापतात. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे क्युम्युलेटिव्ह किंवा काही बँका रीइन्व्हेस्टमेंट म्हणतात त्यात, फुगलेला आकडा दिसतो.

आता ५ लाखाला ७ टक्क्याने वर्षाचे ३५,००० म्हणजे महिन्याला २,९१७ यायला हवे, २,९०० च का, असा प्रश्न काउंटरवर मला आठवड्यातून एकदा तरी यायचा. एफडीचा दर तिमाही हिशोबाचा असतो. तिमाहीला ८,७५० देणं ठरलेलं आहे, आणि तुम्ही त्यातलं पहिल्या महिन्याचं दोन महिने आधी, दुसऱ्याचं एक महिना आधी उचलता, तर बँक ते लवकर दिल्याबद्दल थोडं कापून देते. म्हणून २,९१७ चे २,९००. तिमाही पर्याय घेतला असतात तर पूर्ण ८,७५० मिळाले असते.

आता निमाताई. तुमच्या पावतीवरचा आकडा काढायला एक्सेलमध्ये ही ओळ टाका, आणि खात्यात आलेला आकडा काढायला दुसरी:

```
=800000*(1+7%/4)^8
=800000*(1+7%*0.9/4)^8
```

पहिलीचं उत्तर ९,१९,१०५. दुसरीचं ९,०६,५३५. तुमच्या खात्यात आले तेच, रुपयासकट.

दोन्हीतला फरक फक्त त्या ०.९ चा. पावती छापताना संगणक धरून चालतो की दर तिमाहीचं पूर्ण १.७५ टक्के व्याज मुद्दलात जाणार आणि पुढच्या तिमाहीत त्यावरही व्याज चढणार. ८ तिमाह्या, म्हणून घात ८. पण आईचं वर्षाचं व्याज साधारण ५७ हजार होतं, ४० च्या वर, म्हणून बँकेने प्रत्येक तिमाहीच्या व्याजातून दहावा हिस्सा सरकारला भरला आणि उरलेले नऊ हिस्सेच मुद्दलात मिळवले. क्युम्युलेटिव्ह असली तरी टीडीएस शेवटपर्यंत थांबत नाही. व्याज तुमच्या हातात आलं नाही तरी बँकेच्या वहीत तुमच्या नावे जमा होतं, आणि जमा झालं की कापायचं.

तर १२,५७० ची फोड अशी की ११,८३७ टीडीएस गेला, आणि ७३३ हे त्या कापलेल्या पैशावर पुढे जे व्याज चढलं असतं ते चढलं नाही. तुम्ही पावतीवरच्या व्याजाचे १० टक्के काढलेत म्हणून तुम्हाला ११,९१० आणि ६६० आले. प्रत्यक्षात व्याजच थोडं कमी झालं, १,१८,३७२, त्याचे १० टक्के ११,८३७.

निमा | ७ जुलै, दुपारी १:४०

काका!!! एक्सेलमध्ये टाकलं आणि ९,०६,५३५ बघून ओरडलेच ऑफिसात. स्क्रीनशॉट भावाला पाठवला. त्याचं उत्तर आलं "बरं". एवढंच. 😒

म्हणजे ११,८३७ परत मिळू शकतात का? आणि ७३३?

विनायक_ठाणे | ७ जुलै, दुपारी २:२५

उंबरठ्याचं मान्य, मी चुकलो होतो. पण म्हणूनच मी म्हणतो एकाच एफडीत एवढे पैसे टाकू नयेत. २-२ लाखाच्या चार पावत्या वेगवेगळ्या शाखांत करायच्या, एकेकीचं व्याज १४ हजार, टीडीएसचा प्रश्नच नाही. माझे वडील कायम असंच करायचे.

देवगडचा_हापूस | ७ जुलै, दुपारी ३:००

विनायक, ते दिवस गेले. २०१५ च्या जूनपासून कोअर बँकिंगवाल्या बँकेत सगळ्या शाखांचं व्याज एकत्र मोजतात. चार शाखा काय, चाळीस शाखांत केलंत तरी बेरीज एकच. वेगवेगळ्या बँकांत केलंत तर टीडीएस कदाचित वाचेल पण टॅक्स लागू असेल तर तो भरावाच लागतो, कापला नाही म्हणून माफ होत नाही. आणि एआयएस म्हणजे पॅनवरच्या उत्पन्नाची जी सरकारी नोंद असते, तिच्यात सगळं दिसतंच इन्कम टॅक्स खात्याला.

विनायक_ठाणे | ७ जुलै, दुपारी ३:०८

वेगवेगळ्या बँका करण्यात दुसरा फायदा तरी आहे की नाही? ५ लाखापर्यंतच विमा असतो ठेवीला. आठ लाख एका ठिकाणी ठेवणं मला तरी पटत नाही.

देवगडचा_हापूस | ७ जुलै, दुपारी ३:१५

ते मात्र शंभर टक्के. आणि तो विमा पण बँकेलाच, पतसंस्थेला नाही. आमच्याकडे लोक दोन्हीला "बँक"च म्हणतात आणि मग रडतात.

उंबरठा_७७ | ७ जुलै, संध्याकाळी ५:३०

निमा, टीडीएस कापू नका असं बँकेला सांगणारा १५जी फॉर्म आईंनी का नाही भरला? त्यांचं उत्पन्न बघता एक रुपया कापायला नको होता. पेन्शन वर्षाची १ लाख ६८ हजार, व्याज साठेक हजार, एकूण २ लाख ३० हजाराच्या आत, म्हणजे जुन्या पद्धतीने धरलं तरी अडीच लाखाच्या खाली. टॅक्स शून्य आणि व्याजही मूळ सवलतीच्या मर्यादेत, १५जीला हेच दोन लागतं. साठ पूर्ण झाल्यावर त्याच्या जागी १५एच.

निमा | ७ जुलै, संध्याकाळी ५:४८

खरं सांगू, कुणी सांगितलंच नाही. पावती करताना आठ ठिकाणी सह्या घेतल्या, मी धरून चालले की त्यात आलं असेल सगळं.

सातारी_कंदी | ७ जुलै, संध्याकाळी ६:२०

आम्ही भरला होता १५एच सासऱ्यांचा, २०२२ मध्ये, पाच वर्षांची एफडी होती. पहिल्या वर्षी कापलं नाही, दुसऱ्या वर्षीपासून कापायला लागले. बँकेत भांडून आले मी. तर म्हणे दर वर्षी द्यावा लागतो. अरे पण एफडी तीच, माणूस तोच, पॅन तोच!

निवृत्त_कॅशियर | ७ जुलै, रात्री ८:४५

दर आर्थिक वर्षाला नवा, आणि प्रत्येक बँकेत वेगळा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाखेत आजी-आजोबांची रांग लागायची ती याचसाठी, गुढीपाडव्याच्या आगेमागे. मध्येच ऑगस्टमध्ये दिलात तर त्यापुढचं कापायचं थांबेल, पण आधीचं जे कापून सरकारात भरलंय ते बँक परत देऊ शकत नाही, कितीही भांडा. भांडण चुकीच्या खिडकीवर होतं. ते पैसे रिटर्न भरूनच परत येतात.

आणि पॅन तपासा सगळ्यांनी. पॅन जोडलेला नसेल तर १० चे २० टक्के होतात, आणि पॅनशिवाय दिलेला १५जी चालतही नाही. संयुक्त खातं असेल तर कापलेलं पहिल्या नावाच्या पॅनवर दिसतं. "एफडी माझ्या पैशाची आणि टीडीएस बायकोच्या नावावर" हे पुष्कळांचं होतं.

उंबरठा_७७ | ७ जुलै, रात्री ९:३०

निमा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आईचा पॅन टाकून २६एएस, म्हणजे टीडीएसचा उतारा, उघड, वर्षागणिक कापलेलं दिसेल. काकांच्याच हिशोबाने २०२३-२४ मध्ये ५,७३४ आणि २०२४-२५ मध्ये ६,१०३ असावेत (मुदत ३ एप्रिलला संपली म्हणून दोन-तीन दिवसांचं व्याज यंदाच्या वर्षात दिसू शकतं, त्याने थोडं इकडेतिकडे होईल).

६,१०३ चं सोपं आहे. २०२४-२५ चं रिटर्न अजून भरता येतं, यंदा मुदत १५ सप्टेंबर केलीय. आईचं रिटर्न भर, टॅक्स शून्य येईल, कापलेलं पूर्ण रिफंड. बँक खातं आधी पोर्टलवर व्हॅलिडेट करून ठेव, नाहीतर रिफंड अडकतो.

५,७३४ चं मात्र दुखणं आहे. २०२३-२४ चं उशिराचं रिटर्न भरायची मुदत गेल्या डिसेंबर-जानेवारीतच संपली. अपडेटेड रिटर्न नावाचं जे आहे ते रिफंड मागायला चालत नाही. आता एकच रस्ता, उशीर माफ करा असा अर्ज, कलम ११९(२)(ब) खाली, तो पोर्टलवरूनच करता येतो. असेसमेंट वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे. कारण सबळ द्यावं लागतं. वडील गेले, आईला माहिती नव्हती, हे खरं कारण आहे, तेच लिही, सोबत मृत्यूचा दाखला जोड. मंजूर झाला की मग ते जुनं रिटर्न भरायचं.

खवचट_कावळा | ७ जुलै, रात्री ९:४१

५,७३४ साठी एवढं? त्यापेक्षा भावाला सांगा तुझ्या हिश्शातून वजा केले.

उंबरठा_७७ | ७ जुलै, रात्री ९:५०

मी सीए नाही, सीएच्या ऑफिसात नऊ वर्षं आहे. माझ्यासमोर तीन-चार अर्ज झाले, दोन मंजूर झाले, एक अजून तसाच पडून आहे. त्यामुळे होईलच असं मी म्हणत नाही. करावं की नाही हे निमाने ठरवायचं.

मिरजेची_सतार | ८ जुलै, सकाळी १०:१५

इथे एफडी मोडण्याबद्दल कुणी बोलणार आहे का? कारण माझं १२ हजाराचं नाही पण पावणेनऊ हजाराचं रडगाणं आहे, आणि तेही टीडीएस शून्य असताना.

५ लाख, ३ वर्षं, ७ टक्के, मासिक व्याज. पल्लवीसारखेच २,९०० यायचे. १४ महिन्यांनी मुलाच्या ॲडमिशनसाठी मोडावी लागली. मला वाटलं होतं मासिक घेतेय म्हणजे व्याज माझं घेऊन झालंय, मुद्दल ५ लाख अख्खं मिळेल, फार तर पेनल्टीचे हजार-पाचशे जातील. हातात आले ४,९१,३४०. मी कॅश काउंटरसमोर दोनदा मोजून बघितलं, म्हणजे मोबाईलवरचा मेसेज दोनदा वाचला. मुद्दल कसं कमी होऊ शकतं हेच कळेना. फी भरायची होती त्यामुळे भांडलेही नाही. कुणी समजावेल का की हे बरोबर होतं की मला फसवलं?

सातारी_कंदी | ८ जुलै, सकाळी १०:४०

बघा! मी म्हटलंच होतं पेनल्टी असते म्हणून.

निवृत्त_कॅशियर | ८ जुलै, दुपारी १२:५०

सातारी, तुमचं निदान बरोबर, पेशंट दुसरा निघाला.

मिरजेच्या ताई, एक सांगा. तुम्ही पावती केलीत त्या दिवशी १ ते २ वर्षांच्या ठेवीला त्या बँकेत काय दर होता? आणि पेनल्टी किती टक्के?

मिरजेची_सतार | ८ जुलै, दुपारी २:३०

जुना दरांचा कागद फोटोत सापडला. १ ते २ वर्षं ६.५ टक्के. पेनल्टी १ टक्का असं पावतीच्या मागे बारीक अक्षरात आहे.

निवृत्त_कॅशियर | ८ जुलै, संध्याकाळी ४:१०

मग जुळतं. १ टक्का पेनल्टी ऐकलं की माणसाला वाटतं ७ चे ६ झाले, किंवा ५ लाखाचा एक टक्का ५ हजार गेले. दोन्ही नाही.

तुम्ही ३ वर्षांचं कबूल केलं म्हणून ७ मिळत होते. राहिलात १४ महिने. तर बँक म्हणते १४ महिन्यांच्या माणसाला त्या दिवशी जो दर होता तोच तुम्हाला, म्हणजे ६.५. त्यातून पेनल्टीचा १ वजा, ५.५. आता ५.५ ने मासिक व्याज होतं साधारण २,२८१. तुम्हाला दिले २,९००. दर महिन्याला ६१८-१९ जास्त गेले, गुणिले १४ म्हणजे ८,६६० च्या आसपास. ते आधीच तुमच्या खात्यात जाऊन खर्च झालेले, मग बँक वसूल कुठून करणार, तर मुद्दलातून. ५,००,००० वजा ८,६६०, बरोबर ४,९१,३४०.

इथे दोन जागी लोक चुकतात. दर आजचा नाही लागत, पावती केली त्या दिवसाचा लागतो. आणि त्या दिवशी कमी मुदतीला जर करारापेक्षा जास्त दर असेल (अशी उलटी वेळही येते) तर तो मिळत नाही, दोन्हीत जो कमी तो. पेनल्टी बँकेबँकेत वेगळी, अर्धा ते एक टक्का जास्त दिसते, काही ठिकाणी छोट्या रकमेला कमी. सात दिवसांच्या आत मोडली तर व्याजच नाही.

क्युम्युलेटिव्ह मोडली तरी हिशोब हाच असतो, फक्त पैसे हातात आलेले नसतात म्हणून मुद्दलाला धक्का लागलेला दिसत नाही. तेवढ्यासाठी मासिकवाल्यांना फसवल्यासारखं वाटतं.

मिरजेची_सतार | ८ जुलै, संध्याकाळी ४:३५

काका खरंच धन्यवाद. वर्षभर मनात होतं. मग मी काय करायला हवं होतं? पैसे तर लागणारच होते.

देवगडचा_हापूस | ८ जुलै, संध्याकाळी ५:२०

किती लागणार होते आणि किती दिवसांसाठी, त्यावर आहे. एफडीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो, साधारण ९० टक्क्यांपर्यंत, व्याज एफडीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त. मी गेल्या वर्षी घेतला, तीन लाख दोन महिन्यांसाठी, एफडी तशीच चालू. दोन-चार महिन्यांत पैसे परत येणार असतील किंवा मुदत संपत आली असेल तर ओडी. वर्ष-दीड वर्ष परत यायचेच नसतील तर मोडलेलीच बरी. आणि ५ लाखाची एक करण्यापेक्षा १-१ लाखाच्या पाच केल्या असत्या तर गरजेपुरत्या दोन-तीनच मोडल्या असत्या.

विनायक_ठाणे | ८ जुलै, संध्याकाळी ५:२८

पाच पावत्या!! मी काय वेगळं सांगत होतो काल?

देवगडचा_हापूस | ८ जुलै, संध्याकाळी ५:३१

रोग वेगळा सांगितलात, औषध तेच निघालं 😄

कोथरूडकर_आजोबा | ८ जुलै, रात्री ७:१५

मिरजेच्या ताईंना ८० सीची पाच वर्षांची करमुक्त एफडी घेतली असती तर हा प्रश्न आला नसता. माझी तीच आहे, पूर्ण करमुक्त, टीडीएस नाही.

उंबरठा_७७ | ८ जुलै, रात्री ७:५०

आजोबा, माफ करा पण ती करमुक्त नाही. गुंतवलेल्या रकमेची (दीड लाखाच्या आत) वजावट मिळते आणि तीही जुनी करपद्धत घेतली तरच. व्याज करपात्रच आहे, टीडीएसही लागू. तुमचा १५एच मुलगा दर एप्रिलला भरत असेल म्हणून कापलं जात नसेल. आणि मिरजेच्या ताईंचं तर आणखी अवघड झालं असतं, ती पाच वर्षं मोडताच येत नाही, तिच्यावर कर्जही मिळत नाही.

कोथरूडकर_आजोबा | ८ जुलै, रात्री ८:४०

मुलाला विचारले. तो भरतो म्हणाला. मला माहीत नव्हते.

खवचट_कावळा | ८ जुलै, रात्री ८:४४

आजोबांचा मुलगा आणि निमाताईंचा भाऊ यांची अदलाबदल करता येईल का?

टिल्लू | ९ जुलै, सकाळी ९:००

त्या ७३३ चं काय झालं शेवटी? सगळे विसरले. रिफंड मिळाला तरी ते ७३३ तर गेलेच ना?

निवृत्त_कॅशियर | ९ जुलै, सकाळी ११:२०

गेले. ते ना बँकेकडे आहेत ना सरकारकडे, ते व्याज झालंच नाही. काही बँका टीडीएस एफडीतून न कापता जोडलेल्या सेव्हिंग खात्यातून घेतात, तिथे एफडी पावतीवरच्या आकड्यापर्यंत पोचते.

टिल्लू | ९ जुलै, सकाळी ११:३२

पण मग सेव्हिंगमधून गेले तर तिथलं व्याज बुडतंच की. म्हणजे बुडायचे ते बुडतातच.

निवृत्त_कॅशियर | ९ जुलै, सकाळी ११:४५

सेव्हिंगवर अडीच-तीन टक्के बुडतात, इथे सात बुडाले.

टिल्लू | ९ जुलै, सकाळी ११:५१

आणि रिफंडवर सरकार व्याज देतं ना महिन्याला अर्धा टक्का? मग ७३३ पूर्ण गेले असं कसं म्हणता?

उंबरठा_७७ | ९ जुलै, दुपारी १२:३०

देतं, पण एप्रिलपासून पुढचं, ते ७३३ भरून निघण्यासारखं नाही, आणि ते व्याजही करपात्र. टिल्लू, तुझ्याशी वाद घालायला वेगळा धागा लागेल.

निमा | २८ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. आईचं रिटर्न जुलैच्या शेवटी भरलं, २६एएसमध्ये २०२४-२५ चे ६,०६० दिसत होते, म्हणजे उंबरठा म्हणाली तसे थोडे यंदाच्या वर्षात गेलेत. काल रिफंड आला. २०२३-२४ चा अर्ज टाकलाय, बाबांच्या दाखल्यासकट, अजून काही हललेलं नाही.

९ लाखाची नवी एफडी केली, यावेळी दोन बँकांत साडेचार-साडेचार, तिमाही व्याज, कारण आईला हातात काहीतरी यायला हवंय. दोन्हीकडे १५जी त्याच दिवशी दिला आणि पोच घेतली, मोबाईलवर दरवर्षी ५ एप्रिलचा गजर लावून ठेवलाय.

जुनी पावती देवघरातून काढून पुन्हा बघितली. ९,१९,१०५ च्या शेजारी एक बारीक तारा आहे, आणि खाली मागच्या पानावर त्या ताऱ्यासमोर लिहिलंय "टीडीएसच्या अधीन". दोन वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत होतं ते.

खवचट_कावळा | २८ ऑगस्ट, रात्री १०:२६

भाऊ काय म्हणाला?

निमा | २८ ऑगस्ट, रात्री १०:३१

"माझ्या सासूबाईंची पण एक पावती आहे, बघशील का?"